काटा नाही? मग फितीनं डुकराचं वजन काढूया

नमस्कार मंडळी. मागं जो ओरडा ऐकू येतोय तो आमच्या गोठ्यातला आहे, भांडी वाजली की हे असंच चालतं.

परवा गोव्याहून व्यापारी आला. आपल्या सिंधुदुर्गातली बरीचशी डुकरं बांद्यापलीकडंच जातात, तुम्हाला माहीतच आहे. त्यानं दारातूनच एका यॉर्कशायरकडं बघितलं आणि म्हणाला, "सत्तर किलो आसा, त्याच्यावर नाय." काटा ना त्याच्याकडं, ना माझ्याकडं. मी आत जाऊन शिंप्याची फीत आणली.

मापं दोनच लागतात, छातीचा घेर आणि लांबी. घेर घ्यायचा पुढच्या पायांच्या अगदी मागून, काखेला लागून. बरेच जण फीत पोटावर सरकवतात आणि तिथंच फसतात. फीत अंगाला टेकली पाहिजे, पण चरबीत रुतता कामा नये. लांबी घ्यायची दोन कानांच्या मधून, पाठीच्या कण्यावरून, शेपटीच्या बुडख्यापर्यंत. शेपूट धरायची नाही.

आता सेंटिमीटरमध्ये हिशेब. घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, भागिले 14400. उत्तर थेट किलोत येतं. त्या डुकराचा घेर भरला 102 आणि लांबी 110. मोबाइलवर करून बघा: 102 गुणिले 102 म्हणजे 10404, त्याला 110 नं गुणलं की 11,44,440, आणि 14400 नं भागलं की साडेएकोणऐंशी किलो.

घेर दोनदा गुणला जातो, म्हणून त्यातली चूकही दुप्पट होते. लांबीत दोन सेंटिमीटर जास्त धरले, तर वजन 81 च्या आत राहतं. तेच दोन सेंटिमीटर घेरात वाढले, तर साडेब्याऐंशी दाखवतं. तीन किलोचा फरक, तोही बोटभर ढिल्या फितीमुळं! म्हणून मी घेर तीनदा घेतो आणि सरासरी काढतो.

तोंडाला दोरी बांधून माप घेऊ नका. डुक्कर मागं ओढतं, मान वर करतं, श्वास धरतं. लांबी कमी येते आणि घेर भलताच येतो. मी सकाळी खाणं द्यायच्या आधी जातो आणि दोन विटांवर पातेलं ठेवून त्यात मूठभर भरडा टाकतो. मान पाठीच्या रेषेत राहते. पातेलं जमिनीवर ठेवलंत तर मान खाली जाते आणि लांबी वाढते. फारच चुळबुळं असेल तर सुतळी गुंडाळून खूण करा आणि नंतर सुतळी मोजा.

व्यापाऱ्याला मी साडेएकोणऐंशी म्हटलं नाही. माप नीट घेतलं तरी चार-पाच टक्के इकडेतिकडे धरावेच लागतात, म्हणून म्हटलं, "शहात्तर ते त्र्याऐंशी." तो सत्याहत्तर म्हणाला असता तर मी वाद घातला नसता. पण सत्तर त्या पट्ट्यातच बसत नाही. किलोला दीडशे दर धरला, तर साडेनऊ किलोचे सव्वाचौदाशे रुपये होतात. शेवटी भातगिरणीवरच्या काट्यावर नेऊया म्हटल्यावर तो अठ्ठ्याहत्तरावर आला. काट्यावर नेलंत तर तेही उपाशीपोटीच न्या, पोटातल्या पाण्याचं वजन काट्यावर दिसतं, छातीच्या फितीवर फारसं दिसत नाही.

हेच वजन खाण्यालाही लागतं. ऐंशी किलोच्या वाढत्या डुकराला दिवसाला साधारण साडेतीन टक्के कोरडं खाद्य धरा, म्हणजे पावणेतीन किलो. आपण हॉटेलचं उरलेलं घालतो, त्यात बहुतेक पाणीच असतं. पाच किलो ओल्यातून जेमतेम सव्वा किलो कोरडं मिळतं. उरलेला दीड किलो कोंडा-भरड्यातून भरून काढावा लागतो. (ते ओलं उकळूनच घाला, स्वाइन फीव्हर अशाच खाण्यातून गोठ्यात येतो.) वाढ बघायला दर आठवड्याला मोजू नका. आठवड्यात चार किलो वाढतात आणि मापातली चूकही तेवढीच असते, कळणार काय? महिन्यानं मोजा.

गाभण मादीवर हा हिशेब लावू नका. सत्तरच्या खालच्या पिल्लांना हा हिशेब थोडा कमी दाखवतो, तिथं तीनेक किलो वर धरतात. आणि गावठी डुकराची अंगलट वेगळी, पोट लोंबतं, छाती अरुंद. त्यांच्यासाठी मी एकदा पाच जनावरं फितीनंही मोजली आणि काट्यावरही नेली. प्रत्येकाचं काट्याचं वजन फितीच्या वजनानं भागलं आणि पाचांची सरासरी काढली. तो आकडा गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलाय. गावठी विकायचं झालं की फितीच्या उत्तराला त्यानं गुणतो. तुमच्या गोठ्याचा आकडा वेगळा येईल, माझा उचलू नका.