दिग्दर्शकाची बस चुकते

[न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता. श्रेयनामावली संपत आली आहे.]

ऑफिसं सुटली आहेत. फुटपाथवर माणसांचा लोंढा. पडद्यावर अक्षरं उमटतात : दिग्दर्शक, आल्फ्रेड हिचकॉक. त्याच सुमाराला एक जाडजूड गृहस्थ घाईघाईने बसकडे येतो. दार त्याच्या तोंडावर बंद होतं आणि बस निघून जाते. तो गृहस्थ म्हणजे खुद्द हिचकॉक. चित्रपट, १९५९चा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’.

याला आपण कॅमिओ म्हणतो. मूळ शब्द दागिन्यांतला. दगडावर किंवा शिंपल्यावर कोरलेला, उठाव दिलेला छोटासा चेहरा म्हणजे कॅमिओ, आणि तो बहुधा एका बाजूने दिसणारा. चित्रपटातही तेच व्हावं लागतं : क्षणभराचं दर्शन, पण चेहरा ओळखू यायला हवा.

हिचकॉकची सुरुवात मात्र साध्या गरजेतून झाली. १९२७चा ‘द लॉजर’ हा मूकपट. वर्तमानपत्राच्या कचेरीचं दृश्य होतं आणि पडदा भरायला माणसं कमी पडत होती. तो स्वतःच एका टेबलाशी जाऊन बसला, कॅमेऱ्याकडे पाठ करून. पाठ केलेली, म्हणजे स्वतःला दाखवायचा हेतू तेव्हा नव्हताच. पुढे त्याची सवय झाली, आणि सवयीचा प्रेक्षकांशी चाललेला खेळ झाला.

या खेळात एक धोका होता. लोक गोष्ट सोडून ‘हिचकॉक कुठाय?’ हेच शोधत बसायचे. रहस्यपटात ताण चढत जायला प्रेक्षकाचं लक्ष नायकावर खिळलेलं असावं लागतं. मागच्या गर्दीतला प्रत्येक माणूस तो निरखू लागला, की ताण सुटला. म्हणून हिचकॉक लवकर हजेरी लावून मोकळा व्हायचा. ‘द बर्ड्स’मध्ये नायिका पक्ष्यांच्या दुकानात शिरते, तेव्हा दोन कुत्रे घेऊन तो बाहेर पडतो. ‘सायको’त ऑफिसच्या काचेबाहेर हॅट घालून उभा असतो. दोन्ही वेळा चित्रपट जेमतेम सुरू झालेला असतो. आता निश्चिंतपणे गोष्ट बघा, असाच त्याचा अर्थ.

मग एक अडचण आली.

[समुद्र. लाटांवर हेलकावणारी होडी.]

१९४४चा ‘लाइफबोट’. जहाज बुडालंय, वाचलेली माणसं एका होडीत आहेत आणि कॅमेरा होडी सोडून कुठे जातच नाही. रस्ता नाही, दुकान नाही, गर्दी नाही. दिग्दर्शकाने यायचं कुठून? पाण्यावर तरंगणारं प्रेत व्हावं, असा विचार त्याने केला होता म्हणे, पण बुडण्याची भीती वाटली. त्याच दिवसांत त्याने वजन बरंच उतरवलं होतं. मग होडीतला एकजण जुनं वर्तमानपत्र उघडतो, त्यात एका काल्पनिक औषधाची जाहिरात असते, चरबी घटवणाऱ्या. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. दोन्ही हिचकॉकचे. चौकट न मोडता तो होडीत शिरला. पुढे तो सांगायचा, की ते औषध कुठे मिळतं असं विचारणारी पत्रं आली.

पण माझ्या मते त्याचा सगळ्यात देखणा कॅमिओ ‘नटोरियस’मधला, १९४६चा. आणि तो चांगला तासाभराने येतो! बंगल्यात मेजवानी चालली आहे. तळघराची किल्ली नायिकेने लपवून आणली आहे. वरची शॅम्पेन संपली की यजमान आणखी बाटल्या आणायला तळघराकडे निघणार आणि किल्ली गेल्याचं त्याला कळणार. म्हणजे या दृश्यात घड्याळाचं काम शॅम्पेनच करते. अशा वेळी एक पाहुणा टेबलाशी येतो, ग्लास रिकामा करतो आणि चालू लागतो. हिचकॉक! नायिकेच्या हातातला वेळ दिग्दर्शक स्वतः घोटभराने कमी करून जातो. इथे त्याला ओळखल्याने लक्ष उडत नाही, उलट भीती वाढते.

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचं स्वतःच्याच ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधलं दर्शन वेगळ्या जातीचं आहे. ठरलेला नट जखमी झाल्यामुळे ते काम त्याने केलं. मागच्या सीटवर बसून तो चालकाला सांगतो : तिथे बघ, ती उजेडाची खिडकी दिसते? आतल्या बायकोला मारण्याच्या गोष्टी करतो. कुठे बघायचं हे नटाला सांगणं, हे तर दिग्दर्शकाचंच काम. ते इथे अंगावर काटा आणतं.

आणि १९५६च्या ‘द राँग मॅन’मध्ये हिचकॉकने नेहमीचा खेळ टाळलाच. एका निरपराध माणसाच्या अटकेची ती खरी हकीकत. तिथे तो सुरुवातीलाच, लांब सावलीसह दूर उभा राहून बोलतो : ही गोष्ट खरी आहे. मग बाजूला होतो.

[दाराची धुरकट काच.]

१९७६. ‘फॅमिली प्लॉट’, त्याचा शेवटचा चित्रपट. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीचं दार. काचेपलीकडे एक सावली, बोट उगारून कुणाशी तरी बोलणारी. चेहरा दिसत नाही. फक्त बाजूने दिसणारी ती ओळखीची रेषा, दगडात कोरल्यासारखी.