तीच चेन, दोन गळे

[दृश्य: आरशासमोर दोघीजणी. गळ्यात एकसारखी चेन, एकसारखं पेंडंट.]

या दोघींच्या गळ्यातली चेन एकाच लांबीची आहे, 18 इंचांची. पेंडंटही एकच, कडीसकट एक इंच उंच. आता गळ्याच्या पुढच्या बाजूला, दोन कॉलरबोनच्या मध्ये जी खळगी असते, तिथून खाली मोजूया. पहिलीच्या गळ्यात पेंडंटचं टोक खळगीच्या चार इंच खाली आलंय. दुसरीच्या गळ्यात ते जेमतेम दोन इंचांवर थांबलंय.

पहिलीच्या मानेचा घेर 13 इंच आहे, दुसरीचा साडेसोळा. या साडेतीन इंचांनी पेंडंट दोन इंच वर उचलून धरलं.

चेनच्या डबीवर लिहिलेली लांबी खरी असते, पण ती पेंडंट कुठे येणार हे सांगत नाही. ती फक्त हुकासकट टोकापासून टोकापर्यंतची लांबी असते आणि पेंडंट त्यात धरलेलं नसतं. उरलेले दोन आकडे आपल्यालाच शोधावे लागतात: मानेचा घेर, आणि टोक कुठे हवंय ती जागा.

[दृश्य: मऊ मोजपट्टी मानेभोवती फिरते. मागून जवळून.]

घेर मोजताना बहुतेकांची पट्टी चुकीच्या जागी जाते. शर्टाच्या कॉलरसाठी मोजतात तसं मानेच्या मधोमध मोजलं, तर आकडा इंच-दीड इंचाने कमी येऊ शकतो. चेन तिथे थांबतच नाही, घसरून मानेच्या बुडाशी येते. म्हणून पट्टीही बुडाशीच हवी. मान पुढे झुकवली की मागे एक ठळक मणका हाताला लागतो. पट्टी त्याच्यावरून घ्या, खांद्याचा उतार जिथे सुरू होतो तिथून पुढे आणा आणि खळगीवर जुळवा. मग मान सरळ करा. पट्टी त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नको. हनुवटी वर करून आकडा बघायचा मोह होतो, पण तसं केलं की गळा ताणला जातो आणि पट्टी सरकते. आरशात बघा, नाहीतर दुसऱ्याला वाचायला सांगा.

समजा, आकडा आला 15 इंच.

[दृश्य: कागदावर मानेची बाह्यरेषा. दोन तिरक्या रेषा खाली येऊन एका बिंदूवर मिळतात.]

मानेच्या घेराइतकीच चेन घेतली तर ती खळगीवर टेकेल आणि तिला जराही झोल नसेल. त्यापेक्षा जास्त घेतलेला प्रत्येक इंच पुढच्या दोन बाजूंमध्ये वाटला जातो, इकडे अर्धा, तिकडे अर्धा. त्यावरून वाटतं की पेंडंटही बरोबर अर्धा इंच उतरेल. प्रत्यक्षात ते थोडं जास्त उतरतं. चेनच्या या दोन्ही बाजू तिरक्या असतात. बाजू लांबली की ती थोडी उभी होते, आणि त्या उभं होण्यातूनही टोक खाली जातं. चेन मानेजवळ आखूड असताना हा परिणाम जास्त दिसतो. चेन लांब होत गेली की बाजू जवळजवळ उभ्याच असतात, मग तो संपतो आणि हिशेब निम्म्यावर येतो.

व्यवहारात 16 ते 20 इंचांच्या चेनसाठी जास्तीच्या दर इंचाला सुमारे सहा दशांश इंच उतार धरायचा. खूप लांब चेन असेल तर अर्धा इंच धरावा. खांदे रुंद, उतरते की उंच, यावर हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून मी त्याला अंदाजच म्हणेन.

आता आपल्या 15 इंचांच्या मानेकडे येऊ. टोक खळगीच्या तीन इंच खाली हवंय, तेही तेच एक इंचाचं पेंडंट घालून. यातला एक इंच पेंडंट स्वतःच भरून काढतं, म्हणजे चेनने दोन इंच उतरायला हवं. दोनला सहा दशांशाने भागलं की सव्वातीन इंचांच्या आसपास जास्तीची लांबी येते. 15 मध्ये ती मिळवली की सव्वाअठरा. तयार चेन बहुतेक दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतात: 16, 18, 20. यातली 18 ची घेतली तर टोक तीन इंचांच्या किंचित वर राहील, 20 ची घेतली तर चार इंचांवर जाईल. इथे 18 घ्यायला हरकत नाही.

पण हेच पेंडंट दोन इंचांचं असतं तर? ठिकाण तेच, मान तीच. आता चेनने फक्त एक इंच उतरायचंय, म्हणून लांबी पावणेसतराच्या आसपास येते. पेंडंट मोठं झालं की चेन आखूड लागते. पुष्कळजण नेमकं उलटं करतात. मोठं पेंडंट म्हणून मोठी चेन घेतात, आणि मग ते पोटाकडे का जातंय याचं आश्चर्य वाटून घेतात.

पावणेसतराची तयार चेन सहसा मिळणार नाही. 16 ची घेतली तर 15 इंचांच्या मानेवर एकच इंच मोकळा उरतो. बसल्यावर ठीक वाटतं, मान वळवली की चेन बाजूने दाबते. अशा वेळी 16 ची चेन आणि मागे दोन इंचांची वाढीव साखळी, हे सगळ्यात बरं. हुक तिच्या मधल्या कडीत अडकवायचा की 17 झाले. चेन सेंटीमीटरमध्ये विकत असतील तर एवढं लक्षात ठेवा की 45 सेंटीमीटर म्हणजे पूर्ण 18 इंच नव्हे, पाव इंच कमीच.

[दृश्य: कापसाचा पांढरा दोरा, त्यात तेच पेंडंट ओवलेलं. दोऱ्यावर पेनाची खूण.]

पैसे देण्याआधी मात्र हा हिशेब दोऱ्यावर तपासायचा. न ताणणारा दोरा घ्या, लवचीक नको. शक्य असेल तर खरं पेंडंटच त्यात ओवा, नाहीतर तेवढ्याच उंचीचा कागदाचा तुकडा कापून त्याला छोटी किल्ली चिकटवा. वजन लागतंच. वजन नसलं तर दोरा गोल, सैल कमानीत लोंबतो आणि टोक वरच राहतं. वजन आलं की तोच दोरा ताठ होऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो आणि टोक खाली उतरतं. हलकं पेंडंट जाड चेनमध्ये घातलं की हाच अनुभव येतो. तिथे चेनचा आकार पेंडंटच्या म्हणण्याप्रमाणे बदलत नाही.

दोरा मागे त्याच मणक्यावर दोन बोटांनी धरून उभं राहा. टोक हवं तिथे आल्यावर मागच्या बाजूला, दोन्ही टोकं जिथे मिळतात तिथे पेनाने खूण करा. दोरा सपाट टेबलावर पसरून खुणेपासून खुणेपर्यंत मोजा. आकडा हिशेबापासून अर्ध्या इंचात असेल तर उत्तम. इंचभर फरक आला तर मला दोऱ्यावर जास्त विश्वास वाटतो. बहुधा घेर मोजतानाच पट्टी वर गेलेली असते.

दोरा गळ्यात असतानाच बसा, वाका, मान वळवा. पेंडंट उलटं फिरतंय का, ते पाहा. बरोबर खळगीवर पडलेलं छोटं पेंडंट तिच्या कडेवर तोल सांभाळू शकत नाही आणि सारखं तिरकं होतं. खळगीच्या दीड-दोन इंच खाली छातीचं हाड सपाट असतं, तिथे ते निवांत टेकतं. त्याहून खाली गेलं की स्तनांचा उतार सुरू होतो. तिथे पेंडंटचं वरचं टोक अंगाला टेकतं आणि खालचं हवेत राहतं, किंवा चालताना ते एका बाजूला सरकून बसतं. हा उतार कुठे सुरू होतो हे प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यासाठी कुठलंही कोष्टक उपयोगाचं नाही.

[दृश्य: तीच चेन, आधी गोल गळ्याच्या कुर्त्यावर, मग व्ही गळ्याच्या.]

कपड्याचा गळाही मधे येतो. पेंडंट गळ्याच्या शिवणीवर आलं की अर्धं कापडावर, अर्धं त्वचेवर राहतं आणि दिवसभर आत-बाहेर करतं. ते शिवणीच्या अर्धा-एक इंच वर तरी असावं, नाहीतर सरळ इंचभर खाली कापडावर. व्ही गळ्यात टोकाच्या थोडं वर थांबलेलं पेंडंट छान दिसतं, कारण चेनचा आणि गळ्याचा उतार एकाच दिशेने जातो. ज्यांना दोन्ही तऱ्हेचे कपडे घालायचेत, त्यांना वाढीव साखळी इथेही कामी येते.

[दृश्य: जाड मण्यांची माळ. मोजपट्टी आतल्या बाजूने लावलेली.]

मण्यांच्या माळेत आणखी एक गोष्ट लपलेली असते. माळ सरळ ठेवून मोजतात ती मण्यांच्या मध्यातून जाणारी लांबी. मानेला मात्र मण्याची आतली बाजू टेकते आणि तो घेर लहान असतो. किती लहान, तर मण्याच्या जाडीच्या सुमारे तीनपटीहून थोडा जास्त. 10 मिलिमीटरचे मणी असतील तर 31 मिलिमीटर गेले, म्हणजे सव्वा इंच. 16 इंचांची अशी माळ आतून पावणेपंधराच उरते, आपल्या 15 इंचांच्या मानेवर ती जुळणारच नाही. 4 मिलिमीटरच्या मण्यांत हा फरक अर्ध्या इंचाचाच असतो आणि दोन-तीन मिलिमीटरच्या नाजूक चेनमध्ये तर तो सोडून दिला तरी चालतो.

28-30 इंचांच्या चेनमध्ये मानेचा घेर मोजत बसू नये. दोन मानांमधला फरक तिथेही दीड-दोन इंच राहतो, पण तेवढ्या लांबीवर तो डोळ्यात भरत नाही, आणि शरीराची ठेवण त्याहून मोठा फरक करते. तिथे थेट दोरा घ्या.

शेवटी पेंडंटची कडी तपासा. चेनचा हुक त्या कडीतून आरपार जायला हवा. नाही गेला, तर लांबी कितीही नेमकी काढलेली असली तरी कडी उघडून पुन्हा जोडून घ्यावी लागेल, नाहीतर दुसरी चेन शोधावी लागेल.