स्त्री-पुरुष वेतनातली तफावत: किती उलगडली, किती नाही

[पडद्यावर दोन उभे स्तंभ. एकावर १००, दुसऱ्यावर ७९.]

निवेदन:
साल २०१०, देश अमेरिका. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या पुरुषांना तासाच्या हिशोबाने जिथे १०० डॉलर मिळत होते, तिथे स्त्रियांना साधारण ७९ डॉलर मिळत होते. मधल्या २१ डॉलरवरून वाद व्हायचा, आजही होतो. एक म्हणतो, हा सरळसरळ अन्याय आहे. दुसरा म्हणतो, अन्याय कसला? बायकांचा अनुभव कमी असतो, त्या वेगळ्या नोकऱ्या करतात, म्हणून पगार कमी.

दोघांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. मग या २१ मधले किती डॉलर पहिल्याचे आणि किती दुसऱ्याचे, हे मोजता येईल का?

१९७३ साली रोनाल्ड वाहाका आणि अ‍ॅलन ब्लाइंडर या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे जवळपास एकच रीत मांडली. त्या रीतीला आज दोघांचं नाव आहे. त्याआधी १९५५ मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ एव्हलिन किटागावा यांनी दोन समाजगटांच्या दरांमधला फरक अशाच पद्धतीने फोडून दाखवला होता. त्यांचं नाव या संदर्भात फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून इथे मुद्दाम घेतो आहोत.

[फळ्यावर खडूने आकडे लिहिणारा हात.]

निवेदन:
रीत समजायला छोटं गणित करू. आकडे काल्पनिक आहेत, सोपे जावेत म्हणून घेतलेले.

एका कारखान्यात पुरुषांचा पगार असा ठरतो: सुरुवात १०० रुपयांनी, आणि अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला १० रुपये वाढ. पुरुषांचा सरासरी अनुभव १० वर्षं. म्हणजे सरासरी रोज २०० रुपये. स्त्रियांची सुरुवात ९० रुपयांनी, वर्षाला वाढ ८ रुपये आणि सरासरी अनुभव ६ वर्षं. त्यांचा रोज झाला १३८ रुपये. फरक ६२ रुपयांचा.

आता एकच प्रश्न विचारायचा. या स्त्रियांचा अनुभव आहे तेवढाच, ६ वर्षांचा, राहू द्या. पण त्यांना पुरुषांच्या दराने पगार दिला असता, तर किती मिळाले असते? १०० अधिक ६० म्हणजे १६०.

हा १६० चा आकडा कुणाच्याही पगारपत्रकावर नाही. प्रत्यक्षात तो कुणालाच मिळालेला नाही. तरी सगळी रीत त्याच्यावरच उभी आहे. २०० पासून १६० पर्यंतचे ४० रुपये अनुभवातल्या फरकामुळे गेले. हा झाला उलगडलेला हिस्सा. १६० पासून १३८ पर्यंतचे २२ रुपये मात्र अनुभव तेवढाच असून कमी मिळाले. हा न उलगडलेला हिस्सा.

अभ्यासात नेमकं हेच होतं, फक्त अनुभवाच्या जोडीला शिक्षण, व्यवसाय, उद्योग, प्रदेश अशा अनेक गोष्टी असतात. पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक, असं वेगवेगळं रिग्रेशन करून कुठल्या गोष्टीला किती मोल मिळतं ते काढतात. आणि फरक टक्क्यांच्या भाषेत मिळावा म्हणून रुपयांऐवजी वेतनाचा लॉगरिदम घेतात.

पण फळ्यावरचं गणित अजून पुसू नका. आपण दर पुरुषांचा धरला. स्त्रियांचा धरला तर? अनुभवातला फरक ४ वर्षांचा, गुणिले ८, म्हणजे उलगडलेले ३२ रुपये. उरलेले ३० न उलगडलेले. माणसं तीच, पगार तेच, एका रुपयाचाही बदल नाही. तरी न उलगडलेला हिस्सा २२ वरून ३० वर गेला. भेदभाव नसता तर पगाराचा दर कोणता असता, पुरुषांचा, स्त्रियांचा की दोहोंच्या मधला, याचं उत्तर आकडेवारीत नसतं. ते अभ्यासकाला ठरवावं लागतं. त्यामुळे कुणी ‘इतके टक्के भेदभाव’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर दर कुणाचा धरला होता, हे आधी विचारायला हवं.

[अमेरिकेतलं कार्यालय, रुग्णालय, बांधकामाची जागा.]

निवेदन:
आता पुन्हा अमेरिकेच्या २१ डॉलरकडे. फ्रान्सिन ब्लाउ आणि लॉरेन्स कान यांनी २०१७ मध्ये या तफावतीचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेली माहिती मिशिगन विद्यापीठाच्या एका पाहणीतली होती. ही पाहणी १९६८ पासून कुटुंबांच्या मागावर राहून त्यांची माहिती घेत आली आहे. त्यामुळे कोणी खरोखर किती वर्षं काम केलं, हे त्यातून कळतं. बऱ्याच पाहण्यांमध्ये ते कळत नाही. तिथे वयातून शिक्षणाची वर्षं वजा करून अनुभव धरला जातो, आणि मुलांसाठी पाच वर्षं घरी राहिलेली बाईही कागदावर अखंड नोकरी केलेली दिसते.

१९८० च्या सुमारास अमेरिकी पुरुषांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव स्त्रियांपेक्षा सरासरी जवळजवळ सात वर्षांनी जास्त होता. २०११ पर्यंत हा फरक दीड वर्षाच्याही आत आला. शिक्षणात तर स्त्रिया पुढे निघून गेल्या. म्हणून २०१० च्या हिशोबात शिक्षणाचा आकडा उणे येतो, सुमारे उणे ६ टक्के. शिक्षणाच्या जोरावर स्त्रियांचा पगार पुरुषांहून थोडा जास्तच हवा होता, असा त्याचा अर्थ. अनुभवाने तफावतीचा सुमारे १४ टक्के भाग उलगडतो. सगळ्यात मोठा वाटा व्यवसायाचा, ३३ टक्क्यांच्या आसपास. त्याखालोखाल उद्योगाचा, सुमारे १८ टक्के. वंश, प्रदेश, कामगार संघटनेचं सदस्यत्व अशा बाकीच्या गोष्टीही धरून ६२ टक्के तफावत उलगडते, ३८ टक्के उलगडत नाही. म्हणजे अनुभव, शिक्षण, व्यवसाय सगळं सारखं असतं, तरी १०० डॉलरमागे स्त्रीच्या हाती साधारण ९२ डॉलरच पडले असते.

[९२ चा आकडा स्थिर. मग हळूहळू ८२ होतो.]

निवेदन:
आता याच माहितीतून व्यवसाय, उद्योग आणि कामगार संघटनेचं सदस्यत्व बाजूला काढू. शिक्षण, अनुभव, वंश आणि प्रदेश एवढंच ठेवू. ९२ चे ८२ होतात, आणि न उलगडलेला हिस्सा ३८ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर जातो.

यातला खरा आकडा कोणता? आमच्या मते या प्रश्नावर घाई करणं हीच सगळ्यात मोठी गफलत आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. व्यवसाय हिशोबात धरला, की आपण विचारतो: एकाच प्रकारचं काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांत किती फरक आहे? तो वगळला, की विचारतो: सारख्या शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या स्त्री-पुरुषांत किती फरक आहे, मग त्या कुठल्याही कामावर पोचलेल्या असोत? एखाद्या बाईला बढती नाकारली, किंवा एखाद्या कामावर बायकांना घ्यायचंच नाही असा रिवाज असला, तर तो अन्याय पहिल्या हिशोबात ‘व्यवसायातला फरक’ या रकान्यात जाऊन बसतो. तफावतीचं कारण सापडलं एवढंच तिथे सिद्ध होतं. ते कारण न्याय्य होतं की नाही, हे रकाना सांगत नाही.

कायद्याचंही असंच होतं. भारतात १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी समान मोबदल्याचा हक्क दिला. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांना वेगळा पगार असेल, तर बोट ठेवता येतं. पण त्या यंत्रावर बाईला कधी बसवलंच नाही, तर पगाराची तुलना करायची कुणाशी?

उलट बाजूही तितक्याच काळजीने बघायला हवी. न उलगडलेला हिस्सा म्हणजे निव्वळ भेदभाव, असंही म्हणता येत नाही. जे मोजलंच नाही, ते सगळं त्यात जमा होतं. पाहणीत विचारल्या न गेलेल्या कितीतरी गोष्टी असतात: रात्री उशिरापर्यंत थांबण्याची तयारी, कामाचं ठिकाण घरापासून किती लांब चालेल, पगारासाठी घासाघीस करण्याची सवय. यातल्या काही गोष्टी हाती असत्या तर हा हिस्सा कमी झाला असता. काही बाबतींत वाढलाही असता.

[भारत. सकाळची लोकल, शाळा, सरकारी कचेरी.]

निवेदन:
भारतातल्या नियमित पगारदारांचा असाच हिशोब अश्विनी देशपांडे, दीप्ती गोयल आणि शंतनू खन्ना यांनी मांडला. त्यांनी १९९९-२००० आणि २००९-१० या दोन राष्ट्रीय पाहण्या घेतल्या. लॉगच्या मापात सरासरी तफावत आधी ५५ टक्के होती, नंतर ४९ टक्के. लॉगच्या मापातली मोठी तफावत साध्या टक्क्यांपेक्षा जास्त दिसते, म्हणून इथले ४९ टक्के म्हणजे पुरुषांच्या १०० रुपयांमागे ५१ नव्हे, साधारण ६१ रुपये. पाहणी नमुन्यावर आधारलेली असल्याने एवढी घट निव्वळ योगायोगानेही दिसू शकते, त्यामुळे तफावत कमी झाली असं ठामपणे म्हणता येत नाही.

पण धक्का देणारी गोष्ट आत आहे. या दहा वर्षांत पगारदार स्त्रियांची पात्रता सुधारली आणि न उलगडलेला हिस्साही वाढला. २००९-१० मध्ये स्त्रियांना पुरुषांच्या दराने पगार दिला असता, तर त्यांना पुरुषांपेक्षा जास्त मिळाले असते. फळ्यावरच्या गणितात १६० चा आकडा २०० च्या वर गेला, असं समजा. उलगडलेला हिस्सा उणे होतो आणि न उलगडलेला शंभर टक्क्यांच्या पुढे जातो. ‘बायका कमी शिकलेल्या, म्हणून पगार कमी’ हे उत्तर या पगारदार स्त्रियांच्या बाबतीत तिथेच संपतं.

आणि तळाशी परिस्थिती आणखी वाईट आहे. सरासरी बाजूला ठेवून कमी पगारापासून जास्त पगारापर्यंत एकेक पायरी पाहिली, तर सगळ्यात मोठी तफावत सगळ्यात कमी पगाराच्या कामांत सापडते.

भारतातल्या नोकरदार स्त्रिया अशा शिकलेल्या का निघतात, हेही विचारायला हवं. पगार ज्यांना मिळतो त्यांचाच हिशोब होतो. नियमित पगाराच्या नोकरीपर्यंत फार थोड्या स्त्रिया पोचतात, आणि पोचतात त्यांतल्या बऱ्याच चांगल्या शिकलेल्या असतात. बाकीच्या या गणितात येतच नाहीत.

[ऊसाचा फड. पहाट.]

निवेदन:
महाराष्ट्रात त्या कुठे असतात? बीड जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल कोयत्यामागे ठरते, मजुरी टनावर मिळते. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावरून वाहून गाडीत भरायची, यात बाईचं काम पुरुषाएवढंच असतं. पण मुकादमाच्या वहीत तिच्या नावापुढे वेगळी रक्कम नसते.

वाहाका-ब्लाइंडरच्या रीतीला दोन आकडे लागतात, एक त्याचा आणि एक तिचा. इथे दुसरा आकडाच नाही. तफावत शून्य आहे की शंभर टक्के, हे कुठलंही रिग्रेशन सांगू शकत नाही. एका कोयत्याच्या मजुरीतले किती रुपये तिचे, हे वहीत वेगळं लिहिलं गेलं, तिच्या हातात वेगळं दिलं गेलं, तरच तिच्या बाबतीत या हिशोबाची पहिली ओळ मांडता येईल.