एडिटमध्ये भोक पडलं? आठ शब्दांची पिकअप लाइन

नमस्कार मंडळी.

कल्हईचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय. लाइव्हमध्ये मी बोलता बोलता म्हणाले होते, की त्यातलं नवसागराचं वाक्य मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हतं, ते एडिट झाल्यावर लिहिलं आणि रेकॉर्ड केलं. तेव्हापासून कमेंट्स येतायत, "ताई, जोड कुठंय ते सापडतच नाही, कसं केलं?" तर आज तेवढंच सांगते. ते एकच वाक्य घेऊन बसू.

आधी एक खुलासा, कारण दोघातिघांनी विचारलंय. मुलीशी ओळख काढायला म्हणतात ती पिकअप लाइन वेगळी. आपल्या कामात पिकअप म्हणजे शूट आणि मूळ रेकॉर्डिंग संपल्यावर, एडिटमध्ये काहीतरी कमी पडतंय असं कळल्यावर नंतर घेतलेला छोटासा तुकडा. तो शॉट असेल किंवा वाक्य. आज फक्त नॅरेशनचं वाक्य.

बाकीचं तुम्हाला माहितीच आहे. तोच माइक, तीच खोली, पंखा बंद, माइकपासून तेवढंच अंतर. मी एक वीत ठेवते. खोलीची शांतता ३० सेकंद वेगळी रेकॉर्ड करून ठेवा, जोडाच्या खाली ती अंथरायला लागते. झालं. हे सगळे करतात, आणि तरीही लाइन उघडी पडते. का पडते, ते बघू.

प्रसंग असा. पुण्यात तांबट आळीजवळ एका काकांकडे शूट केलं होतं. भट्टी, भाता, चिमटा, पितळेचं पातेलं. माझं नॅरेशन असं होतं: "भांडं आता चांगलं तापलंय. काका ते चिमट्यात धरून गोल फिरवतायत." त्यानंतर काका स्वतः ४० सेकंद नवसागराबद्दल सांगतात. आणि मग पुन्हा मी: "आणि हा धूर निघाला, की लगेच कथील."

एडिटला बसल्यावर कळलं, की त्या ४० सेकंदांत बोळातून एक दुचाकी सतत हॉर्न वाजवत गेलीय, नेमकी काकांच्या आवाजावर. तो तुकडा काढावा लागला. काढला, आणि व्हिडिओ छान पळायला लागला. मला तर सगळं नीट समजत होतं. अर्थात समजणारच, मी तिथं उभी होते! बघणाऱ्याला मात्र भांडं तापलेलं दिसतं, आणि अचानक मी म्हणते "हा धूर". कुठला धूर? कशाचा?

इथं पहिलं काम लिहिण्याचं नाही. बघणाऱ्याला नेमकी कोणती एक गोष्ट कळत नाहीये, ती कागदावर लिहायची. मी लिहिलं: "धूर नवसागराचा आहे, आणि नवसागर थर काढायला टाकतात." बास. नवसागर कुठून येतो, किती महाग झालाय, काकांचे वडील काय वापरायचे, हे सगळं त्या ४० सेकंदांत होतं आणि मला ते फार आवडलं होतं. पण भोक तेवढ्याचं नव्हतं. हळहळ वाटते म्हणून कापलेलं सगळं पिकअपमध्ये कोंबायचं नाही.

मग जागा मोजायची. काकांची बोटं पूड टाकतायत असा क्लोजअप होता, दोन सेकंदांचा. भांड्याचा अजून एक शॉट, दोन सेकंद. म्हणजे चार सेकंद. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमधलं एक मिनिट घेऊन मी शब्द मोजलेत, १२० च्या आसपास येतात. सेकंदाला दोन. म्हणजे हातात आठ शब्द. तुमचा वेग वेगळा असेल, तुमचं तुम्ही मोजा.

आता माझा पहिला मसुदा. खराखुरा वाचून दाखवते:

"नवसागर अर्थात अमोनियम क्लोराइड हा क्षार भांड्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर काढून टाकण्याचे कार्य करतो."

माहिती बरोबर आहे. पण हे कोण बोलतंय? दहा सेकंदांपूर्वी "तापलंय", "फिरवतायत" म्हणणारी बाई अचानक "पृष्ठभागावरील" आणि "कार्य करतो" म्हणायला लागली. मागे एकदा, दुसऱ्याच एका कामात, मी रात्री दोन वाजता अशीच लाइन टाकली होती. आईला दाखवला व्हिडिओ. तिला एडिटिंगमधलं काही कळत नाही. ती बरोबर त्या जागी म्हणाली, "हे मधेच कोण बोललं गं?" आवाज माझाच, माइक तोच, खोली तीच. तरी तिला दुसरं माणूस ऐकू आलं. त्या दिवसापासून मी पिकअपचा सूर आवाजात शोधायच्या आधी वाक्यात शोधते.

आणि इथं मला त्या कमेंटबद्दल बोलायचंय, जिला भरपूर लाइक्स आलेत: "इक्वलायझर लावला की जुळतं." नाही जुळत. इक्वलायझरने आवाजाचा घुमटपणा कमी होतो, पातळपणा भरता येतो. "काढून टाकण्याचे" चं "काढायला" करणारी कुठलीही खुंटी त्यात नाही. क्रियापद चुकलं असेल तर प्लगइनवर पैसे घालू नका.

तर मी काय केलं? आधीचं आणि नंतरचं वाक्य हाताने उतरवून काढलं. टाइप नाही, हाताने, कारण मग प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं. तेव्हा दिसलं की मी काकांकडे बघत बोलतेय, आत्ता घडतंय असं: "फिरवतायत". आणि नंतरच्या वाक्याला शेवटी क्रियापदच नाही: "की लगेच कथील." तुटक, घाईचं वाक्य, कारण तापलेलं भांडं थांबत नाही.

दुसरा मसुदा: "आता यावर चिमूटभर नवसागर टाकायचा, म्हणजे काळा थर सुटतो." बोलीभाषा आली. बरेच जण इथं थांबतात, मीही थांबले असते. पण दोन गोष्टी खटकल्या. "टाकायचा" हा पाककृतीचा सूर आहे, मी बघणाऱ्याला कृती शिकवतेय असं होतं. व्हिडिओ तर काकांचं काम बघण्याचा आहे. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. वाक्य संपतं "थर सुटतो" वर, आणि पुढचं वाक्य येतं "हा धूर". मग ऐकणारा धूर थराला चिकटवतो. थर जळून धूर निघाला, असं वाटतं. अर्थच बदलला!

पुढच्या वाक्याला ज्या शब्दाचा आधार हवाय, तो पिकअपच्या शेवटी यायला हवा. "हा धूर" ला नवसागर हवाय. म्हणून तिसरा मसुदा:

"काळा थर सुटावा म्हणून काका टाकतायत चिमूटभर नवसागर."

मोजा, आठ शब्द. आता सलग ऐका: "काका ते चिमट्यात धरून गोल फिरवतायत. काळा थर सुटावा म्हणून काका टाकतायत चिमूटभर नवसागर. आणि हा धूर निघाला, की लगेच कथील." एकाने विचारलंय, "काका" दोनदा आलं, एक काढलं का नाही? नाही काढलं, कारण मी बोलताना तसंच बोलते. तो व्हिडिओ ऐका, दर दोन वाक्यांत काका आहेत. पिकअप शेजारच्या वाक्यांपेक्षा देखणी झाली, तर तीही उघडी पडते.

लिहून झालं. आता तेच दुखणं रेकॉर्डिंगमध्ये येतं. आपण एकटी लाइन म्हणतो, तेव्हा सुरुवात वरच्या पट्टीत होते आणि शेवट खाली येऊन बसतो. बातमी संपल्यासारखा. पण माझी लाइन मधली आहे, पुढे "आणि" येतोय. म्हणून मी एकटी लाइन कधीच म्हणत नाही. हेडफोनमध्ये आधीची दहा सेकंदं ऐकते, मग आधीचं वाक्यही म्हणते, मग पिकअप, मग पुढचंही म्हणते. तिन्ही सलग, एका दमात. नंतर कडेची दोन कापून टाकते. असे तीन टेक. पहिला बहुतेक वेळा फार सावध येतो, मला तिसरा लागतो. आणि वेळ बघा. माझं मूळ नॅरेशन संध्याकाळचं होतं, सकाळी माझा आवाज जड असतो, म्हणून पिकअपही संध्याकाळीच घेतली.

तिसऱ्या बाजूने पुन्हा तेच सांगते, कारण ही चूक सगळ्यात उशिरा कळते. मूळ नॅरेशन करताना मी उत्सुक होते. पिकअप करताना मी तो व्हिडिओ चाळीस वेळा बघितलेला असतो. पातेलं शेवटी चांदीसारखं चकाकणार, हे मला माहिती असतं, आणि ती माहिती आवाजात उतरते. कधी वाक्यातसुद्धा. "जसं आपण पुढे बघणार आहोत", "हीच ती गुरुकिल्ली" असले शब्द पिकअपमध्ये आले, की समजा वाक्य त्या जागेवरून लिहिलेलं नाही, शेवटावरून लिहिलंय. त्या क्षणी भांडं अजून काळंच आहे. कथील लागायचंय, कापसाच्या बोळ्याने पसरायचंय, पाण्यात बुडवायचंय. बोलणाऱ्या बाईला तेवढंच माहिती हवं.

तपासायचं कसं? दुसऱ्या दिवशी, डोळे मिटून, जोडाच्या ३० सेकंद आधीपासून ऐकायचं. जोडापासून ऐकायला सुरुवात केली तर कान तिथंच टपून बसतात. मग ज्याला काही माहिती नाही अशा कुणाला तरी दाखवायचं आणि त्या जागी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. आईला कल्हईचा व्हिडिओ दाखवला, ती त्या जागी काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, नवसागर हल्ली मिळतो का कुठं?

एक अगदी मनापासून सांगते. काकांचे कापलेले शब्द मी माझ्या तोंडी घेतले, पण "काका म्हणतात की" असं नाही घातलं. त्यांनी जे आणि जसं सांगितलं ते आता व्हिडिओत नाही, मग त्यांच्या नावावर माझं वाक्य कसं खपवू? आणि त्यांना फोन करून "तेवढं एक वाक्य पुन्हा बोला ना" असंही नाही केलं. भट्टीसमोर घामाघूम होऊन बोललेलं आणि घरी बसून फोनवर बोललेलं एकमेकांशेजारी नांदत नाही.

आणि त्याच व्हिडिओत दुसरं एक भोक होतं, जे पिकअपने बुजलं नाही. कल्हई मुळात करायचीच कशाला, ते. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, ताक हिरवट होतं, हे मी सहा-सात प्रकारे लिहून बघितलं. आठ शब्दांत बसेना, सोळात बसेना, आणि दाखवायला एकही शॉट नव्हता. वीस सेकंदांचं नॅरेशन एका स्थिर चित्रावर चालवलं, तर बघणारे उठून जातात. मग ते सगळं खोडलं आणि पुन्हा त्या बोळात गेले. काकांकडे कल्हई उडालेलं एक जुनं पातेलं होतं. त्यात ताक ओतलं, कॅमेरा तिवईवर लावला, आणि आम्ही दोघं चहा घेत वाट बघत बसलो.