किलो नव्हे, रोपं मोजा

[दृश्य: ताडपत्रीवर शेजारी शेजारी ठेवलेली सोयाबीनची दोन झाडं]

दोन्ही झाडं एकाच वाणाची, एकाच शेतातली. डावीकडचं तुटाळीच्या कडेला वाढलेलं: बुंधा जाड, चार फांद्या, शेंगांनी लगडलेलं. उजवीकडचं भरल्या ओळीतलं, सडपातळ. डोळा डावीकडच्या झाडावर ठरतो आणि फसगत इथेच होते, कारण त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

[दृश्य: ओळीवर अंथरलेली मोजपट्टी]

दोन ओळींत 45 सेंटीमीटर, दोन रोपांत 5. म्हणजे हेक्टरी सुमारे 4 लाख 44 हजार रोपं. समजा, झाडामागे 6 ग्रॅम दाणे निघाले, तर साडेसव्वीस क्विंटल होतात. रोपं निम्मी असतील आणि झाड फांद्या फोडून 9 ग्रॅमपर्यंत भरलं, तरी हेक्टरी हिशेब 20 क्विंटलवरच थांबतो. उलट रोपं दुप्पट केली आणि झाड 3 ग्रॅमवर आलं, तर उत्पादन पुन्हा साडेसव्वीसच. बियाणं मात्र दुप्पट गेलं, वर पीक लोळण्याचा धोका.

[दृश्य: तराजूत 100 दाणे, जवळून]

आता हे 100 दाणे नीट पाहा. या वाणाचे 10 ग्रॅम भरले, शेजारच्या वाणाचे 14. दोन्हींचं हेक्टरी 75 किलो पेरलं, तर पहिल्याचे साडेसात लाख दाणे जमिनीत जातात, दुसऱ्याचे जेमतेम 5 लाख 36 हजार. पिशवीचं वजन सारखं, शेतातली गर्दी वेगळी. म्हणूनच 'एकरी एक बॅग' हा हिशेब आम्हाला पटत नाही.

[दृश्य: ओल्या गोणपाटावर ओळीने मांडलेले दाणे, गुंडाळी]

100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट सुकू द्यायचं नाही. पाच-सात दिवसांनी उघडून फक्त सशक्त कोंब मोजायचे. समजा 70 निघाले आणि 100 दाण्यांचं वजन 12 ग्रॅम आहे. 4 लाख 44 हजार दाण्यांचे 53 किलो होतात, त्याला 0.70 ने भागलं की 76 किलो. शेतातली उगवण गोणपाटापेक्षा कमीच असते, तेवढी वाढ वरून धरावी.

[दृश्य: 30 सेंटीमीटरच्या ओळी, पानांनी झाकलेली जमीन]

30 बाय साडेसात सेंटीमीटरवरही रोपाला तेवढीच, 225 चौरस सेंटीमीटर जागा मिळते. ओळी लवकर मिटतात, तणाला ऊन मिळत नाही. पण 45 सेंटीमीटरसाठी बसवलेलं कोळपं इथे चालत नाही.

[दृश्य: उगवलेली ओळ, एक मीटरची काठी]

उगवणीनंतर दहाव्या दिवशी 45 सेंटीमीटरच्या पेऱ्यात ही काठी दहा ठिकाणी ठेवा. मीटरला 20 रोपं हवीत. सगळीकडेच 12-13 दिसली, तर उकरून पाहा: दाणा 5 सेंटीमीटरच्या खाली गेला असेल किंवा पावसानंतर वर पापडी धरली असेल. एकीकडे तीस आणि पुढे हातभर तुटाळ असेल, तर दोष बियाण्यात नाही. पेरणीयंत्राची नळी तुंबलेली असते.