लोणारच्या आठ स्लाइड्स

एआयच्या साधनात विषय टाकला, "लोणार सरोवर, इयत्ता नववी", आणि मिनिटभरात आठ स्लाइड्सचा ड्राफ्ट तयार. वर्गात दाखवण्याआधी भूगोलाच्या शिक्षिका त्या तपासायला बसल्या आहेत.

पहिल्या स्लाइडवर वाक्य आहे : "लोणार हा निसर्गाचा अद्भुत चमत्कार असून त्याला समृद्ध वारसा लाभला आहे." बाई 'लोणार' खोडून तिथे 'रंकाळा' लिहितात. वाक्य तसंच चालतं, म्हणजे ते लोणारबद्दल काहीच सांगत नाही. ते वाक्य जातं आणि त्या जागी येतं : "उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात पडलेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर." हे रंकाळ्याला लागू होणार नाही.

पुढच्या सलग चार स्लाइड्सवर तीन चौकोन, तीन चिन्हं, तीन ओळी. पाणी खारं का, याचं उत्तरही अशाच तीन सुट्या चौकोनांत विखुरलंय. खरं तर ती एक साखळी आहे. झरे आणि पावसाचं पाणी विवरात येतं, बाहेर जायला वाट नाही, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बाई चौकोन काढून विवराचा उभा छेद काढतात आणि त्यावर बाण दाखवतात. दुसऱ्या एका स्लाइडवर फक्त उपग्रहावरून घेतलेला फोटो, पूर्ण पानभर. त्या फोटोशेजारी मजकूर लागतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो आकड्यांवर. दुसऱ्या स्लाइडवर विवराचं वय ५२ हजार वर्षं, सातव्यावर ५ लाख ७० हजार. एकाच सादरीकरणात दोन वयं, आणि दोन्ही तितक्याच ठामपणे! शोध घेतल्यावर कळतं की दोन्ही आकडे खऱ्या संशोधनातले आहेत. पहिला १९९७चा, थर्मोल्युमिनिसन्स पद्धतीने काढलेला. दुसरा २०११चा, आघातात वितळलेल्या खडकाचं आर्गॉन पद्धतीने वय काढून मिळालेला. ड्राफ्टने ते संदर्भाशिवाय उचलले. बाई दोन्ही ठेवतात, पण एकाच स्लाइडवर, वर्ष आणि पद्धत लिहून. वय बदललं कसं, हे मुलांना यातून कळेल.

मग 'जगातील एकमेव'. बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर, असं ठळक अक्षरांत लिहिलंय. ब्राझीलमध्ये वार्जेआओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरंही बेसाल्टमध्येच आहेत. 'एकमेव', 'सर्वात मोठे', 'पहिले' असे शब्द दिसले की बाई आधी त्यावर पिवळी खूण करतात, मगच वाचतात. 'एकमेव' खोडलं जातं.

शेवटच्या स्लाइडवर 'युनेस्को जागतिक वारसा स्थळ'. लोणारला २०२० मध्ये मिळाला तो रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा. ही यादी वेगळी, करार वेगळा. शीर्षक बदलतं, आणि स्लाइडखालच्या नोंदींत बाई रामसर यादीचा दुवा चिकटवतात.