गाडी नसलेलं सर्कल

[दृश्य: कौलारू घर, पांढरं चर्च, पुढे गोल बेट. रस्ता रिकामा.]

हा फोटो बघितला की पहिला अंदाज पोर्तुगालचा येतो. दुकानाच्या पाटीवर आडनावही पोर्तुगीज. एकही गाडी नसल्यामुळे वाहतूक डावीकडून चालते की उजवीकडून, ते कळत नाही. पण सर्कल दिसतंय, आणि उत्तर त्यातच आहे.

सर्कलला मिळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, दुभाजक रुंद होऊन, तिकोनी बेट तयार होतं. सर्कलकडे तोंड करून त्या रस्त्यावर उभे आहात असं समजा. आत शिरणाऱ्याने थांबायची आडवी तुटक रेघ बेटाच्या एकाच बाजूला असते, कारण बाहेर पडणाऱ्याला थांबायचं नसतं. रेघ डावीकडे असेल तर देश डाव्या बाजूने चालणारा, उजवीकडे असेल तर उजव्या.

[दृश्य: बेटाची कड, जवळून.]

इथे मात्र पावसाने रंग धुऊन गेलाय. मग बेटाची कड बघायची. शिरताना वेग कमी व्हावा म्हणून तिथलं वळण घट्ट ठेवतात आणि निघताना गाडी पटकन सुटावी म्हणून तिथलं वळण सैल. या फोटोत घट्ट वळण डावीकडे आहे. शिवाय मधल्या बेटावर, येणाऱ्याच्या समोरच, बाणांची पाटी आहे आणि बाण डावीकडे वळलेत. म्हणजे सर्कलला फेरा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पोर्तुगालमध्ये तो उलटा असतो, त्यामुळे पोर्तुगाल इथेच बाद झाला.

पोर्तुगालने 1928 साली उजवी बाजू धरली. गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण शेजारचा ब्रिटिश हिंदुस्थान डाव्या बाजूने चालत होता. मकाव आणि मोझांबिकही तसेच राहिले, आणि खरी फसगत तिथे होते: पोर्तुगीज नावं आणि डावी बाजू या दोन्ही खुणा त्या दोन्ही ठिकाणी जुळतात. मकावमध्ये रस्त्याच्या निळ्या-पांढऱ्या पाटीवर पोर्तुगीजसोबत चिनी अक्षरं असतात. मोझांबिकमध्ये पाट्या आजही पोर्तुगीजच, नुसती आडनावं नव्हे.

आता पुन्हा बेटाकडे या. कडेचे दगड एकाआड एक काळे-पांढरे रंगवलेत. पणजीपासून मडगावपर्यंत दुभाजकांवर हाच रंग दिसतो. मात्र एवढ्यावरच भारत म्हणू नका, कारण मलेशियातही असे दगड भेटतात. बाणांची पाटी, घट्ट वळण आणि दगड, तिन्ही एकत्र धरायचे, आणि मग पाटीवर देवनागरी शोधायची.

[दृश्य: तोच फोटो, उलटा.]

एक चूक मात्र ही सगळी मेहनत वाया घालवते. फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला, तर बाण, वळण, रेघ सगळंच बदलतं, आणि गोव्यातलं सर्कल पोर्तुगालचं होऊन बसतं. म्हणून बाजू ठरवण्याआधी दुकानाच्या पाटीवरची अक्षरं सुलट वाचता येतात का, तेवढं पाहून घ्या.